डब्यातला आवाज

दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून, पंखा बंद करून कुणी कथा वाचून रेकॉर्ड केली, की ऐकणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. शब्द कळतात, पण कान टवकारावे लागतात. यावर बहुतेक जण इक्वलायझर उघडतात आणि थेट ट्रेबल वाढवतात. त्याने आवाज डब्यातून बाहेर येत नाही, फक्त डबा पत्र्याचा होतो. इलाज दुसऱ्या टोकाला आहे. आधी काहीतरी काढायचं, वाढवायचं ते मागाहून, आणि तेही चिमूटभर.

असं का, ते आपल्या बोलण्याच्या घडणीत आहे. पान, कान आणि तान हे तीन शब्द घ्या. तिन्हींत लांबणारा, घुमणारा ‘आ’ एकच, अर्थ बदलतो तो सुरुवातीच्या क्षणभराच्या व्यंजनाने. स्वरांची ताकद मुख्यतः हजार हर्ट्झच्या खाली असते. व्यंजनांची ओळख पटवणारे बारकावे बरेचसे दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात असतात, ‘स’ची शीळ त्याहूनही वर. ती सगळी स्वरांच्या मानाने दुबळी असतात. आणि कानाची खोड अशी, की खालचा जोरकस ध्वनी वरच्या नाजूक ध्वनीला झाकून टाकतो. म्हणून दोनशे ते पाचशे हर्ट्झमध्ये गर्दी झाली की व्यंजनं तिथेच असूनही बुडतात. गर्दी थोडी हटवली, की न वाढवताच ती वर येतात.

ही गर्दी करते खोली. भिंती, कपाट, टेबल हे सगळं हाताच्या अंतरावर असल्यामुळे परतून येणारा आवाज काही हजारांश सेकंदांतच माइकपर्यंत पोचतो. एवढ्या लवकर आलेला आवाज प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकू येत नाही, तो मूळ आवाजाच्या पोतातच मिसळतो. त्यात लोक हौसेने पातळ पडदे टांगतात, इंचभर जाडीचा फोम चिकटवतात. हे साहित्य वरचे ध्वनी शोषतं आणि खालचे जवळपास तसेच परत पाठवतं. म्हणजे व्यंजनांची चमक जाते आणि घुमणं शिल्लक राहतं. पडदे लावल्यावर आवाज आणखी कोंदटला, अशी तक्रार करणारा माणूस खोटं बोलत नसतो. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर न बोललेलंच बरं.

एक प्रत्यक्ष रेकॉर्डिंग घेऊ. पुरुष निवेदक, मध्यम खर्जाचा आवाज, माइक तोंडापासून फूटभर लांब, समोर उघडं टेबल, मागे लाकडी कपाट. दुरुस्तीसाठी ReaEQ हा इक्वलायझर घेतला आहे, पण ज्यात फ्रिक्वेन्सी, डेसिबल आणि पट्ट्याची रुंदी या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ठरवता येतात असा कुठलाही चालेल.

पहिलं काम सोपं: ८० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने उतरवायचं. तिथे रस्त्यावरच्या बसची घरघर आणि टेबलाला लागलेले धक्के असतात, निवेदकाचा आवाज जवळजवळ नसतो. खोल खर्जाचा माणूस असेल तर फिल्टर ७०वर थांबवावा.

खरा वेळ द्यायचा तो पुढच्या पायरीला. एक पट्टा घेऊन तो आठ डेसिबलने वर उचलायचा, रुंदी अर्ध्या सप्तकाएवढी ठेवायची आणि निवेदन चालू असताना दीडशेपासून आठशेपर्यंत सावकाश सरकवायचा. या रेकॉर्डिंगमध्ये ३५०च्या आसपास पट्टा आला आणि आवाज अगदी रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा झाला. तीच जागा. मात्र या पद्धतीत एक फसवणूक आहे. आठ डेसिबलने उचललं तर कुठलीही जागा वाईटच वाटते, आणि नवखा माणूस सहा ठिकाणी खड्डे पाडून बसतो. म्हणून जागा सापडल्यावर उलट तपासणी करावी: पट्टा शून्यावर आणायचा, मग तीन-चार डेसिबल खाली न्यायचा, आणि विचारायचं, शब्द सुटे झाले का? झाले नाहीत तर ती जागा सोडायची.

इथे ३५०वर साडेतीन डेसिबल काढले आणि रुंदी वाढवून एक सप्तक केली. अरुंद खड्डा एखाद्या स्वराला लागतो आणि पुढच्याला चुकतो, कारण बोलताना पट्टी सतत हलत असते. साडेतीनऐवजी आठ काढून पाहिले तेव्हा घुमणं पूर्ण गेलं, पण त्याबरोबर माणसाची छातीही गेली. निवेदक टेलिफोनवरून बोलतोय असं वाटायला लागलं. जास्त कापल्याची हीच खूण.

आता चिमूटभर वाढवणं. साडेतीन हजारांवर दीड-दोन डेसिबल, भरपूर रुंद पट्ट्याने. ‘त’ आणि ‘ट’ची टोकं इथे उघडतात. मराठीत याची कसोटी ‘च’वर घ्यावी. ‘चमचा’मधला दंत्य च आणि ‘चिंच’मधला तालव्य च वेगवेगळे ऐकू यायला लागले की थांबायचं. त्यापुढे गेलं की ‘सासूबाई सकाळी’ असलं वाक्य कानाला टोचतं. तसं झालं तर आधी साडेतीन हजारांवरची वाढ कमी करावी, साडेसहा हजारांवर कात्री नंतर.

यानंतर इक्वलायझर चालू-बंद करून तुलना करायची, पण दोन्हींची पातळी सारखी करून. कापाकापीने आवाज एकूण बारीक झालेला असतो, आणि माणसाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. पातळी न जुळवता केलेली तुलना निकालात काढावी.

यातून न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आणि त्याच्या पटींत, म्हणजे ११२ आणि १६८ला, ध्वनी साचतो. खोली चौरस असेल तर दोन्ही जोड्यांचं साचणं एकावर एक येतं. पुरुषाचा मूळ स्वर नेमका ११२च्या आगेमागे फिरतो, त्यामुळे काही शब्द फुगतात आणि शेजारचे फुगत नाहीत. तिथे कायमचा कट दिला तर फुगलेले शब्द सावरतात, पण बाकीचे वाळतात. टेबलावरून परतणाऱ्या आवाजाचं दुखणं वेगळं: तो काही फ्रिक्वेन्सी पुसतो, काही वाढवतो, आणि निवेदकाने मान हलवली की त्या जागाही हलतात. शब्द संपल्यावर मागे रेंगाळणारी शेपटी तर इक्वलायझरच्या हद्दीतच नाही. तो ध्वनीचा तोल बदलतो, काळ बदलत नाही.

त्यामुळे याच निवेदकाला पुढच्या भागासाठी माइक वीतभर अंतरावर घ्यायला सांगितलं. अंतर निम्मं झालं की तोंडाचा थेट आवाज खोलीच्या मानाने सुमारे सहा डेसिबलने वर येतो. टेबल बाजूला सारलं आणि पाठीमागे उघड्या कपाटासमोर जाड रजई टांगली. जवळ आल्यामुळे माइकने खर्ज थोडा फुगवला, म्हणून कट ३५०वरून २००कडे सरकवावा लागला आणि दोन डेसिबलवर भागलं. वरची वाढ लागलीच नाही. आधीच्या भागाचं सेटिंग जसंच्या तसं इथे लावलं असतं, तर आवाज मधोमध पोकळ आणि वर कर्कश झाला असता. एकाच कथेचे हे दोन भाग सलग ऐकवायचे होते, तेव्हा शेवटी पहिला भागच पुन्हा वाचून घेतला.