संध्याकाळची धडधड डॉक्टरांना पत्रात कशी सांगायची

या भागात वाचून दाखवलेलं पत्र बऱ्याच जणांना लिखित हवं होतं, म्हणून ते इथे देतोय आणि त्यातली एकेक ओळ कशासाठी आहे तेही सांगतोय.

मी भंडारदऱ्याला, शेंडी गावातल्या घरातून काम करतो. आमचे फॅमिली डॉक्टर तालुक्याच्या गावी, अकोल्यात बसतात. ओपीडीत गर्दी असते, आपल्या वाट्याला दहा मिनिटं येतात. तिथे "संध्याकाळी छातीत धडधडतं" एवढंच सांगितलं, तर ईसीजी निघतो आणि तो बहुधा नॉर्मल येतो. येणारच ना, दुपारी बाराला धडधड कुठे असते! ईसीजी त्या काही सेकंदांपुरतं हृदय बघतो. बाकीच्या महिन्याचे साक्षीदार आपणच.

तर हे पत्र :

"आदरणीय डॉक्टरकाका, सा. न. वि. वि.

४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या तीस दिवसांत संध्याकाळी नऊ वेळा धडधड झाली. वय २८. आधी असं कधी झालेलं नाही. चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं एकदाही नाही. कुठलंही औषध चालू नाही. घरात कमी वयात अचानक हृदयाने गेलेलं कोणी नाही.

नवांपैकी आठ वेळा सारख्याच आहेत. साडेसात ते नऊच्या दरम्यान हळूहळू वाढते, वीस-पंचवीस मिनिटांत हळूहळू उतरते. ठोके एका लयीत, मिनिटाला १०४ ते ११८. उदा. ११ नोव्हेंबर : ७.५० ला सुरू, ठोके ११२, बीपी १३२/८४, ८.१५ ला ठोके ८६. त्या दिवशी जेवण अडीचला, पाचनंतर दोन कप चहा, साडेसातला ऑफिसचा कॉल. आठही दिवशी संध्याकाळचा चहा आणि कॉल दोन्ही होते. कॉल होता पण चहा नव्हता असे सहा दिवस. त्या दिवशी धडधड नाही.

नववी वेगळी. २२ नोव्हेंबर, शनिवार. कॉल नाही, चहा फक्त सकाळी. ६.४० ला बूट घालायला वाकलो आणि बटण दाबल्यासारखी सुरू झाली. १५ सेकंदांत ४१ ठोके, म्हणजे मिनिटाला १६४, एका लयीत. स्मार्टवॉच तेव्हा १२१ दाखवत होतं. सात मिनिटांनी झटक्यात थांबली.

धडधड नसलेल्या दिवशी : सकाळी ६८ ते ७४, संध्याकाळी ७६ ते ८२."

आता यातलं महत्त्वाचं. ठोके बोटांनी मोजा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवायची, ३० सेकंद मोजून दुप्पट करायची. फार वेगात असतील तर १५ सेकंद मोजून चौपट. स्मार्टवॉच त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताच्या लाटा मोजतं. पट्टा सैल असला, हात हलला किंवा ठोके अचानक वाढले की ते गडबडतं. म्हणून दोन्ही आकडे लिहायचे, कुठला कशाने घेतला ते सांगून. बीपी शक्यतो पाच मिनिटं शांत बसून, हात हृदयाच्या उंचीला ठेवून घ्यायचं.

धडधड न झालेले दिवसही लिहायचे. आम्ही कोडमधला बग शोधताना बघतो ना, कधी येतो आणि कधी येत नाही, तसंच. ते सहा बिनचहाचे दिवस नसते, तर सगळा दोष कॉलवर गेला असता.

आणि निदान आपण लिहायचं नाही. "बहुतेक टेन्शन असेल" हे वाक्य मी मुद्दाम टाळलं. आयटीतला तरुण, संध्याकाळचा कॉल, टेन्शन... हे चित्र एवढं सोपं आहे की त्याखाली २२ तारीख सहज दबली असती.

काकांनी पेन उचललं ते त्याच तारखेखाली रेघ मारायला. ते म्हणाले, "आठ वेळांचं कारण चहा, उपाशी पोट, ताण, रक्त कमी असणं किंवा थायरॉइड, यातलं काही असू शकतं. त्यात हृदयाचा नेहमीचाच ताल वेग घेतो, म्हणून चढ-उतार हळू असतो. पण झटक्यात सुरू, झटक्यात बंद आणि दीडशेच्या वर, म्हटल्यावर हृदयातल्या विजेच्या वाटेला एखादा जास्तीचा फाटा आहे का, ते बघावं लागतं." त्याला एसव्हीटी म्हणतात. पकडायचं तर ईसीजी धडधड चालू असतानाच निघायला हवा.

माझा त्या दिवशीचा ईसीजी नॉर्मल आला. हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासायला दिलं, संध्याकाळचा चहा बंद झाला. नाशिकला होल्टर लावायचं ठरलंय; म्हणजे छातीला चिकटवलेलं, चोवीस तास ईसीजी नोंदवणारं यंत्र. महिन्यातून एकदाच येणारी धडधड त्यात सापडेलच असं नाही, म्हणून काकांनी चिठ्ठी लिहून दिलीय : पुन्हा तशी सुरू झाली तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तेव्हाच ईसीजी काढून घ्यायचा. गाडी मात्र दुसऱ्याने चालवायची.

धडधडीसोबत चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल, तर पत्र-बित्र काही नाही. सरळ १०८.