बिल हवे आहे, बरोबर जीएसटी क्रमांकाचे

सप्टेंबरची २६ तारीख आहे असे समजा. चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स विभागाची महिनाअखेरची जुळवाजुळव चालू आहे. १२ तारखेला भोसरीच्या पुरवठादाराकडून नट-बोल्ट आले. स्टोअरने माल मोजून घेतला, आवक पावती केली, खरेदी ऑर्डरही फाइलला आहे. बिल तेवढे नाही. फोन केल्यावर पुरवठादाराने व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो पाठवला. रक्कम बरोबर आहे: माल ४०,००० रुपयांचा, १८ टक्के कर ७,२०० आणि एकूण ४७,२००. फोटो छापून फाइलला लावला की काम झाले, असे कोणालाही वाटेल.

पण फोटोत खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो. या कंपनीचा दुसरा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. महाराष्ट्राचा राज्य कोड २७, गोव्याचा ३०. पुरवठादाराच्या संगणकात कंपनीची दोन खाती आहेत आणि बिल करणाऱ्याने गोव्याचे निवडले. काल्पनिक क्रमांक घेऊन पाहू:

```
चाकण : 27ABCDE1234F1Z0
वेर्णे : 30ABCDE1234F1ZD
```

पंधरा अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची, पुढची दहा कंपनीच्या पॅनची. तेरावे अक्षर त्या राज्यात त्या पॅनवरची ही कितवी नोंदणी हे सांगते, चौदावे सहसा Z असते आणि शेवटचे असते पडताळणीचे. आधीच्या चौदा अक्षरांवर हिशेब करून ते ठरते. त्यामुळे टाइप करताना एखादे अक्षर चुकले तर हिशेब जुळत नाही आणि पोर्टल तो क्रमांक स्वीकारत नाही. इथे तसे काही होणार नाही, कारण गोव्याचा क्रमांकही खराच आहे. मधला पॅन तोच असल्याने माणसाची नजरही सहज फसते.

एकूण रकमेकडे पाहूनही चूक कळत नाही. भोसरीहून चाकणला आलेल्या मालावर ३,६०० सीजीएसटी आणि ३,६०० एसजीएसटी लागायला हवा होता. सॉफ्टवेअरने राज्य कोड ३० पाहिला आणि ७,२०० आयजीएसटी लावला. बेरीज तीच आली. म्हणून अशा बिलावर आधी करांच्या रकान्यांकडे पाहावे. राज्यातल्या राज्यात आलेल्या मालावर आयजीएसटी दिसला की क्रमांक तपासायलाच हवा.

आता पुरवठादाराला ईमेल करायचा. बहुतेक ठिकाणी “कृपया बिलाची प्रत पाठवा” एवढेच लिहिले जाते आणि घोटाळा तिथेच होतो. प्रत मागितली की प्रतच येते, तीही चुकीच्या क्रमांकाची. किंवा पुरवठादार पेनाने क्रमांक खोडतो, वर दुसरा लिहितो, शिक्का-सही करून स्कॅन पाठवतो. त्याने फक्त कागद सुधारतो. पुरवठादार महिन्याच्या विक्रीचे जीएसटीआर-१ विवरणपत्र त्याच्या संगणकातल्या नोंदीवरून भरतो आणि तिथे ३० चाच क्रमांक असतो. परिणामी हे बिल १४ ऑक्टोबरला तयार होणाऱ्या वेर्ण्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसेल, चाकणच्या नाही.

भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळण्यासाठी हातात बिल असावे लागते आणि १ जानेवारी २०२२ पासून ते पुरवठादाराच्या विवरणपत्रातून आपल्यापर्यंत पोहोचलेलेही असावे लागते. बिलात एखादा किरकोळ तपशील राहिला तर नियम सवलत देतात. खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक मात्र त्या सवलतीत बसत नाही. वेर्ण्याला ही वजावट घेता येणार नाही, कारण माल तिथे गेलेलाच नाही. म्हणून पत्रात कागद आणि नोंद या दोन्हींची दुरुस्ती मागावी लागते. मी ते असे लिहीन:

“विषय: बिल दि. १२ सप्टेंबर, रु. ४७,२०० – चुकीचा जीएसटी क्रमांक, सुधारित बिल ३० तारखेपूर्वी हवे

नमस्कार,

वरील बिलाचा माल आम्हाला चाकण येथे मिळाला आहे. मूळ बिल मिळालेले नाही. आपण पाठवलेल्या फोटोत आमचा गोव्याचा क्रमांक आणि आयजीएसटी रु. ७,२०० आहे. माल चाकणला उतरल्याने बिल 27ABCDE1234F1Z0 या क्रमांकावर, सीजीएसटी रु. ३,६०० व एसजीएसटी रु. ३,६०० असे हवे. कृपया आधीचे बिल रद्द करून सुधारित बिलाची पीडीएफ २९ तारखेपर्यंत पाठवावी आणि सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये हीच नोंद जाईल असे कळवावे. खरेदी ऑर्डर, आवक पावती आणि आमच्या नोंदणीचा दाखला सोबत जोडला आहे.”

सुधारित बिल २९ तारखेला मागितले, कारण ते आपल्या क्लोजिंगला लागते. पण या दुरुस्तीची खरी मुदत ११ ऑक्टोबर आहे. दरमहा विवरणपत्र भरणारा पुरवठादार त्या दिवसापर्यंत सप्टेंबरचे जीएसटीआर-१ भरतो आणि तोवर ही दुरुस्ती त्याच्या संगणकातल्या एका नोंदीची असते. विवरणपत्र भरून गेले की खरेदीदाराचा क्रमांक पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रातच बदलता येतो. त्याच महिन्यापुरती दुरुस्ती करणाऱ्या जीएसटीआर-१ए मध्ये तो बदलत नाही. मग आपली वजावट महिनाभर पुढे जाते. लहान पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरत असेल तर हे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा फोनवर तेवढे विचारून घ्यावे.

बिलावर क्यूआर कोड आणि आयआरएन असेल तर ते ई-इन्व्हॉइस आहे. ते पोर्टलवर फक्त २४ तासांत रद्द करता येते, आपल्या उदाहरणात तर चौदा दिवस उलटले आहेत. तिथे “रद्द करा” असे लिहून उपयोग नाही. गोव्याच्या क्रमांकावर क्रेडिट नोट आणि चाकणच्या क्रमांकावर नवे बिल, असे दोन कागद मागावेत. वेर्ण्याच्या सहकाऱ्यालाही कळवावे, म्हणजे पोर्टलवर ते बिल त्याच्यासमोर आले की तो नाकारेल.

आणि ३० तारखेपर्यंत बिल आलेच नाही तर? खर्च सप्टेंबरचाच आहे, त्यामुळे आवक पावतीच्या आधारे ४०,००० रुपयांची तरतूद करावी. ७,२०० रुपये वजावटीच्या खात्यात मुळीच धरू नयेत. ते बिल आल्यावर आणि २बी मध्ये दिसल्यावर. कायद्याने ही वजावट त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर घेता येते. म्हणजे उशीर झाला तरी पैसे लगेच बुडत नाहीत. पण पुरवठादाराला बिलाचे पूर्ण पैसे एकदा पोहोचले की त्याची घाई संपते, हेही प्रत्येक अकाउंटंट जाणतो. सुधारित बिल येईपर्यंत निदान कराची रक्कम रोखून ठेवावी आणि तसे पत्रात स्पष्ट लिहावे. मालाचे पैसे मात्र अडवू नयेत. त्याने माल वेळेवर दिला आहे.

तुमच्या फर्मची दोन राज्यांत नोंदणी असेल तर यापुढच्या प्रत्येक खरेदी ऑर्डरवर माल जिथे उतरणार त्या जागेचा पत्ता आणि तिथलाच जीएसटी क्रमांक शेजारी-शेजारी छापा. पुरवठादाराच्या ऑफिसात बिल करणारा माणूस ऑर्डर समोर ठेवूनच खाते निवडतो.