इंटर्नशिपसाठी दीडशे शब्द

सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी आहे, असे समजू. तिच्या अभ्यासक्रमात शेवटचे सत्र पूर्ण इंटर्नशिपचे आहे, जानेवारी ते जून २०२७. तिला ती जर्मनीत करायची आहे. ओळखीचे कोणी तिथे नाही, कॉलेजचा कुठल्या कंपनीशी करार नाही. हातात आहे ते फक्त एक ई-मेल. तो कोणाला लिहायचा आणि त्यात काय लिहायचे, एवढाच हा विषय आहे.

सीमेन्स किंवा बॉशसारख्या मोठ्या कंपन्यांत अर्ज त्यांच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. तिथे पत्र पाठवून फारसे काही होत नाही. पण जर्मनीतला यंत्रउद्योग अशा चार-दोन मोठ्या नावांवर उभा नाही. दोनशे-चारशे माणसांच्या, लहान गावात कारखाना असलेल्या आणि वर्षानुवर्षे एकच वस्तू बनवणाऱ्या कंपन्या तिथे पुष्कळ आहेत. कोणी फक्त पंप बनवते, कोणी फक्त व्हॉल्व्ह, कोणी फक्त वजनकाटे. यातल्या बऱ्याच ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठरलेली योजना नसते. विद्यार्थी घ्यायचा की नाही हे चाचणी विभागाचा किंवा डिझाइन विभागाचा प्रमुख ठरवतो. म्हणजे पत्र ज्याच्यापर्यंत पोचायला हवे तो मनुष्यबळ खात्यातला माणूस नसून स्वतः इंजिनिअर असतो.

अशी कंपनी शोधण्याची चांगली जागा म्हणजे औद्योगिक प्रदर्शनांच्या सहभागी कंपन्यांच्या याद्या. हानोव्हर मेसे हे प्रदर्शन दरवर्षी वसंत ऋतूत भरते, आणि त्यात कोण काय मांडते हे नेटवर पाहता येते. कंपनी सापडली की तिच्या संकेतस्थळाच्या तळाशी Impressum नावाचे पान उघडावे. जर्मन कायद्याने ते बंधनकारक आहे. कंपनीचे पूर्ण नाव, पत्ता, संपर्काचा ई-मेल आणि संचालकाचे नाव त्यावर मिळते. विभागप्रमुखाचे नाव कंपनीच्या तांत्रिक लेखांवर किंवा बातम्यांत सापडू शकते. नाहीच सापडले, तर कार्यालयाच्या पत्त्यावर लिहून मजकूर चाचणी विभागाकडे पाठवण्याची विनंती करावी.

आता पत्र वाचणाऱ्याच्या जागी बसू. सकाळी कामाच्या मेलांमध्ये एका अनोळखी विद्यार्थिनीचा मेल येतो. वाचताना त्याच्या मनात चार प्रश्न असतात. ही आमच्या कामाचे काय करू शकेल? कधी आणि किती काळ येणार? तिला घ्यायला आम्हाला कोणते कागद करावे लागतील? आणि आत्ता मी नेमके काय करायचे? या चारांची उत्तरे एका वाचनात मिळाली, तर तो मेल शेजारच्या सहकाऱ्याकडे जातो. एकाचे जरी उत्तर शोधावे लागले, तर मेल ‘नंतर पाहू’मध्ये जातो आणि तिथेच राहतो.

आपल्याकडे पत्र लिहायला शिकवतात ते सरकारी अर्जाच्या वळणाने. आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपला ऋणी राहीन, मी कष्टाळू असून शिकण्याची तीव्र इच्छा आहे, माझे गुण अमुक, मला पायथॉन, ऑटोकॅड, मॅटलॅब येते. यात खोटे काहीच नाही. पण वरच्या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर यात नाही. कंपनीचे नाव बदलून हेच पत्र कापडगिरणीला पाठवले तरी चालेल, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळते.

आपल्या विद्यार्थिनीने एक प्रकल्प केला आहे. शेतात बसवतात तसला एक अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत लावला, आणि पाणी खेचण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत नेला. तिथला दाब फार कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे जास्त दाबाच्या भागात जाऊन फुटतात. पंपात खडी फिरतेय असा आवाज येतो, आणि असे बराच काळ चालले तर पाणी ढकलणाऱ्या इंपेलरचा पृष्ठभाग खड्ड्यांनी भरतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. तिने पंपावर थरथर मोजणारा स्वस्त सेन्सर बसवला आणि आवाज कानाला येण्याआधी कंपनांत फरक दिसतो का ते पाहिले. तिचा सेन्सर सेकंदाला ३,२०० नोंदी घेतो. एका कंपनासाठी किमान दोन नोंदी लागतात, म्हणून १,६०० हर्ट्झच्या वर काय चालले आहे ते तिला दिसले नाही. बुडबुडे फुटण्याचा गोंगाट मात्र त्याच्या बराच वरपर्यंत जातो.

पत्राचा गाभा हाच आहे, आणि त्यातही सर्वांत मोलाची आहे ती शेवटची मर्यादा. ‘मला कंपनांचे ज्ञान आहे’ असे कोणीही लिहील. ‘माझी नोंद १,६०० हर्ट्झला थांबते’ असे तीच लिहू शकते जिने मोजमाप स्वतः केले आहे आणि ते कुठे अपुरे पडते हे जिला कळले आहे. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागाकडे त्याहून वरचे मोजण्याची साधने असतात. त्यामुळे ‘मी तुमच्याकडेच का’ याचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही.

पत्र इंग्रजीत जाईल. त्याचा मजकूर मराठीत साधारण असा:

विषय: इंटर्नशिप, ४ जानेवारी ते ३० जून २०२७, पंपांच्या कंपन-चाचणीसाठी

प्रिय डॉ. (आडनाव),

मी सांगली येथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या चाचणी विभागात सहा महिने इंटर्नशिप करता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.

एक अश्वशक्तीच्या पंपात मी मुद्दाम कॅव्हिटेशन घडवून त्याची कंपने नोंदवली. व्हॉल्व्ह बंद होत जाताना बदल कुठे दिसू लागतो ते सोबतच्या एका पानावरच्या आलेखात आहे. माझी नोंद १,६०० हर्ट्झपर्यंतच आहे. तुमच्या रासायनिक पंपांच्या मालिकेत कंपनांवर देखरेख ठेवणारा सेन्सर बसवलेला आहे. त्याच्या चाचण्या आणि नोंदींचे विश्लेषण या कामात मी मदत करू शकेन.

ही इंटर्नशिप माझ्या अभ्यासक्रमात सक्तीची आहे. कॉलेजचे पत्र जोडले आहे. माझी सहा सत्रे या महिन्यात पूर्ण होत आहेत. माझे इंग्रजी चांगले आहे, जर्मन प्राथमिक आहे.

पुढच्या दोन आठवड्यांत वीस मिनिटे फोनवर बोलता येईल का? तुमच्या वेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी २ मला कधीही चालेल.

आपली, (नाव)

हे सुमारे दीडशे शब्द आहेत. गुणांचा उल्लेख नाही, तो सोबतच्या बायोडेटात आहे, आणि तिथेही ‘१० पैकी ८.१’ असा पूर्ण लिहावा. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण असतो आणि ४ ला माणूस काठावर पास होतो. नुसता ८.१ हा आकडा तिथल्या वाचकाला काहीच सांगत नाही. आडनावाच्या आधीची डॉक्टर ही पदवी मात्र गाळू नये. आणि शेवटी मागणी नोकरीची नाही, वीस मिनिटांच्या फोनची आहे. तेवढ्याला हो म्हणणे विभागप्रमुखाच्या स्वतःच्या हातात असते.

पत्रातले सर्वांत रुक्ष दिसणारे वाक्य म्हणजे ‘ही इंटर्नशिप सक्तीची आहे’. कंपनीच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे. अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली इंटर्नशिप त्यातून वगळलेली आहे. शिक्षण चालू असताना स्वखुशीने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंतच वगळली जाते. त्याहून लांबली की पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावे लागते. २०२६ च्या सुरुवातीपासून हा दर तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे पूर्ण वेळेचे महिन्याला सुमारे २,४०० युरो. सक्तीच्या इंटर्नशिपमध्येही अनेक कंपन्या मानधन देतात, पण ते किती हे त्या ठरवू शकतात. म्हणून हे वाक्य लिहावे, आणि खरे असेल तरच लिहावे, कारण पुढे कॉलेजचा शिक्का मागितला जातो. इंटर्नशिप ऐच्छिक असेल तर तीन महिन्यांचा कालावधी मागणे शहाणपणाचे.

सत्रांचा उल्लेखही उगीच नाही. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला जर्मनीत अभ्यासाशी निगडित इंटर्नशिप जास्तीत जास्त एक वर्ष करता येते. त्यासाठी चार सत्रे पूर्ण झालेली असावी लागतात आणि तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. लहान कंपनीला हे माहीत असेलच असे नाही. फोनवर बोलणे झाले की ही माहिती आणि रोजगार संस्थेच्या संबंधित पानाचा दुवा विद्यार्थिनीने स्वतः पाठवावा. ‘व्हिसाची भानगड नको’ म्हणून येणारा नकार त्यामुळे कधी कधी टळतो. संमतीनंतर नव्वद दिवसांहून अधिक राहायचे म्हणून राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो. हे सगळे धरून पत्र किमान सहा महिने आधी जायला हवे. जानेवारीसाठी जून योग्य. ऑगस्टमध्ये दक्षिण जर्मनीत शाळांच्या सुट्ट्या असतात आणि निम्मे कार्यालय रजेवर असते.

जोडायच्या फाइली तीनच: बायोडेटा, आलेखाचे एक पान आणि कॉलेजचे पत्र. तिन्ही पीडीएफ, आणि नावे Patil_CV.pdf अशी ओळखू येणारी. दोन आठवड्यांत उत्तर नाही आले तर त्याच मेलला जोडून दोन ओळींची एकच आठवण करावी, आणि तिच्यात तारखा पुन्हा लिहाव्यात. तरीही शांतताच असेल तर पुढची कंपनी.

एकच मजकूर शंभर ठिकाणी धाडण्याऐवजी दहा कंपन्यांचा अभ्यास करून दहा पत्रे लिहावीत. प्रकल्पाचा परिच्छेद बहुतेक तोच राहील. बदलायचे ते ‘तुमच्या रासायनिक पंपांच्या मालिकेत’ हे वाक्य, आणि ते लिहिण्याआधी त्या कंपनीची उत्पादनांची माहितीपुस्तिका तासभर वाचावी लागेल. वाचूनही ते वाक्य सुचले नाही, तर ती कंपनी आपल्यासाठी नाही असे समजून यादीतून काढावी. उत्तर आले आणि फोन ठरला, तर पहिला प्रश्न बहुधा त्या आलेखावरच येईल. तो वक्र तिथेच का वळला, हे तिला शांतपणे सांगता आले पाहिजे. तयारी करायची ती त्याची.