एक उशीर, तीन माफीपत्रं

समजा, एका रुग्णालयाच्या बिलिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शुक्रवारी द्यायची होती. गुरुवारी चाचणीत दिसलं, की जुन्या रुग्णांची थकबाकी नव्या डेटाबेसमध्ये चुकीची उतरते आहे. आता तारीख पुढचा बुधवार.

ग्राहकाला डेटाबेसशी देणंघेणं नसतं. सोमवारी काउंटरवर बिल निघेल का, एवढंच त्याला कळायला हवं. म्हणून त्याला लिहावं: "नवी आवृत्ती शुक्रवारऐवजी बुधवारी मिळेल. थकबाकीच्या आकड्यांत चूक आढळल्याने आम्ही ती रोखली. तोवर सध्याची प्रणाली नेहमीप्रमाणे चालेल. तुमचं नियोजन बिघडलं, त्याबद्दल क्षमस्व." इथे नुसतं 'तांत्रिक कारणास्तव' लिहिलं, की संशय वाढतो.

टीमला मात्र मूळ कारण सांगायला हवं: चाचणीसाठी जुना डेटा उशिरा मिळाला आणि तारीख ठरवताना ते धरलंच नव्हतं. शनिवार-रविवार टीमचे जाणार, म्हणून ही माफी व्यवस्थापकाने स्वतः मागावी. चुकीसाठी कुणा एकाचं नाव त्यात घेऊ नये.

वरिष्ठांना चार ओळी पुरतात: नवी तारीख, करारातला दंड लागतो का, कोणता निर्णय हवा.

तिन्ही पत्रांत तारीख आणि दोष मात्र एकच असावा. ग्राहक आणि टीम रोज बोलतात; तफावत त्याच दिवशी उघडी पडते.