पैसे आले, पण कोणत्या बिलाचे?

एखाद्या छापखान्याने एकाच दिवशी दोन बिलं काढली, ११८ आणि ११९. दोन्ही ४,००० रुपयांची, १८ टक्के जीएसटी धरून ४,७२०. संध्याकाळी खात्यात ४,७२० एकदाच जमा, तेही ग्राहकाच्या मुलाच्या नावाने. मग बिल कोणाचं फिटलं?

काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआरमध्ये फक्त दुकानाचा यूपीआय पत्ता असतो. रक्कम ग्राहक टाकतो, बिलाचा पत्ताच नसतो. बिलागणिक नवा क्यूआर किंवा लिंक काढली, की त्यात दोन्ही भरता येतात:

```
upi://pay?pa=shop@bank&pn=Shop&am=4720.00&cu=INR&tr=INV118
```

`am` म्हणजे रक्कम, `tr` म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला संदर्भ. व्यापारी खातं असेल तर हा संदर्भ बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या अहवालात परत येतो. वैयक्तिक खात्यावर त्याचा भरवसा नाही. तिथे नुसतं नाव आणि १२ अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक हाती लागतो. तो क्रमांक बिलासमोर लिहून ठेवावाच, कारण पुढे तक्रार किंवा परतावा त्याच्याच आधारे शोधला जातो.

ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट मात्र जमेची नोंद नव्हे. बिल बंद करायचं ते खात्यात रक्कम दिसल्यावरच.