बादलीतला बाप्पा: शाडू विरघळतो, प्लास्टर का नाही?

घरच्या गणपतीचं विसर्जन गच्चीत किंवा गॅलरीत, बादलीत करणारी कुटुंबं आता शहरोशहरी दिसतात. अशा घरांमधून हमखास येणारी तक्रार एकच. शेजाऱ्यांच्या बादलीत दुसऱ्या सकाळी तळाशी राखाडी गाळ उरला होता आणि आपल्याकडे आठवडा उलटला तरी मूर्ती पाटावर असावी तशीच बसून आहे. फरक आहे तो मूर्ती कशाची, यात.

शाडूची मूर्ती भट्टीत भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. मातीचे अतिशय बारीक कण एकमेकांना धरून राहतात ते पाणी निघून गेल्यामुळे. पाणी परत मिळालं की ते कणांच्या मधे शिरतं, पकड सुटते आणि मूर्ती कडेकडेनं ढासळू लागते. घरगुती मूर्तीला बहुधा एक रात्र पुरते.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट उलटी आहे. जिप्सम हा खनिज दगड साधारण 150 अंशांवर तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरी पूड उरते. कारागीर ती पाण्यात कालवून साच्यात ओततो, तेव्हा ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्समच बनते. म्हणजे पाणी मिळूनच ती मूर्ती घट्ट झालेली असते. आणखी पाण्यानं ती सुटी होणार कशी? जिप्सम पाण्यात विरघळतो, पण लिटरमागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. 15 लिटरच्या बादलीत फार तर 35 ग्रॅम विरघळेल आणि पाणी तृप्त होऊन थांबेल. दोन किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला 800 ते 1000 लिटर पाणी लागेल, तेही सतत हलवत राहिलं तर. वर रंगाचा थर असेल तर पाणी प्लास्टरपर्यंत पोचतसुद्धा नाही.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेला उपाय घरी करण्याजोगा आहे, आणि पुणे महापालिकेनं त्यासाठी लागणारी पूड गणेशोत्सवात नागरिकांना वाटलीही. ही पूड म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात ती. पाण्यात मिसळून मूर्ती त्यात ठेवली की प्लास्टरचं रूपांतर दोन पदार्थांत होतं: तळाशी बसणारा खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट आणि पाण्यात राहणारं अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीचं खत.

प्रमाण सोपं आहे. जेवढं मूर्तीचं वजन, जवळजवळ तेवढीच पूड. दोन किलोच्या मूर्तीला दोन किलो पूड आणि किमान 12 लिटर पाणी. पाणी फार कमी घेतलं तर पूडच पुरती विरघळत नाही. मूर्ती पूर्ण बुडेल अशी बादली हवी आणि त्याआधी हार, मुकुट, कापड, खडे सगळं उतरवून ठेवायचं. मग बुडबुडे येऊ लागतात, कारण या क्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. अमोनियाचा उग्र दर्पही येतो. म्हणून बादली बंद न्हाणीघरात ठेवू नये आणि तिच्यावर घट्ट झाकण तर अजिबात लावू नये. दिवसातून दोन-तीनदा लाकडी दांड्यानं ढवळायला हवं. नाहीतर तयार झालेला खडूचा थर मूर्तीवरच चिकटून बसतो, आतलं प्लास्टर झाकलं जातं आणि काम अडतं. सगळं जुळून आलं तर दोन-तीन दिवसांत मूर्ती विरघळते. बुडबुडे थांबले तरी आत टणक गाठ लागत असेल तर पूड कमी पडली किंवा रंग आडवा आला असं समजावं. मूर्तीच्या आत मजबुतीसाठी घातलेला काथ्या मात्र विरघळत नाही, तो वेगळा काढावा लागतो.

उरलेलं पाणी खत आहे म्हणून सरसकट कुंडीत ओतणाऱ्यांनी थोडं थांबावं. दोन किलो मूर्तीच्या या बादलीत दर लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर अमोनियम सल्फेट असतं. तेवढ्या तीव्रतेनं रोपाची मुळं जळतील. बादलीभर साध्या पाण्यात पेलाभर, एवढंच त्याचं प्रमाण योग्य. आणि मूर्तीवर कुठला रंग होता हे ठाऊक नसेल तर हे पाणी फुलझाडांनाच घालावं. मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीपासून ते लांब ठेवलेलं बरं.

खरी काळजी रंगाची आहे. भडक पिवळ्या-केशरी रंगांत शिसं आणि क्रोमियम असू शकतं, काही लाल रंगांत कॅडमियम. ऑइल पेंटचा पापुद्रा विरघळत नाही, पाण्यावर तरंगतो. तो गाळणीनं काढून सुक्या कचऱ्यात द्यायचा. शाडूच्या मूर्तीला असाच रंग फासला असेल तर माती निर्मळ असूनही गाळ मात्र दूषितच. घरी मूर्ती घडवणाऱ्यांनी गेरू, काव, हळद आणि जोडीला डिंकाचं पाणी वापरावं. एक खबरदारी घ्यावी: चुन्याचा हात देऊन वर हळद लावली तर ती लाल होते. कुंकू याच गुणावर करतात, पण पीतांबर रंगवताना तो घात करतो.

विकत घेताना ओळखायचं कसं? मूर्ती अलगद उलटी करावी आणि तळाच्या न रंगवलेल्या भागावर ओलं बोट चोळावं. शाडू बोटाला लागतो, मातीचा वास येतो, जागा मऊ पडते. प्लास्टर ओलं होतं, पण बोटाला चिखल लागत नाही. त्याच आकाराची शाडूची मूर्ती हाताला जड लागते. वरून मातीचा हात फिरवलेलं प्लास्टरही बाजारात येतं, म्हणून तळाशी पोकळी असेल तर आत डोकावावं. आतला पांढराशुभ्र रंग सगळं सांगतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे 2020मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर निर्बंध आणले. पेण-हमरापूरच्या हजारो कारागिरांचं पोट यावर असल्यामुळे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं. 2025च्या जूनमध्ये न्यायालयानं मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक जलाशयांतल्या विसर्जनाला नाही. पुढे जुलैत सहा फुटांहून उंच मूर्तींना ठरावीक मुदतीची सवलत मिळाली. घरची लहान मूर्ती मात्र कृत्रिम हौदातच द्यायची. हौदाच्या पाण्यातही प्लास्टर विरघळत नाही. या मूर्ती बाहेर काढून त्यांची विल्हेवाट लावण्याचं काम पालिकेकडे उरतं.

शाडूही निर्दोष नाही. तो महाराष्ट्रात गुजरातेतून येतो, आणि हजारो मूर्ती एकाच तळ्यात गेल्या तर गाळ साचून पाणी गढूळ होतं. म्हणून शाडूलाही बादलीच उत्तम. पाणी निवळल्यावर ओतून टाकायचं, रंगाचे पापुद्रे वेचायचे, गाळ कापडावर पसरून वाळवायचा. ही माती पुन्हा मळून मूर्ती घडवता येते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेतून अशी माती घराघरातून गोळा करून मूर्तिकारांना परत दिली जाते.

कागदी लगद्याच्या मूर्तीबद्दल मात्र सावध असावं. हलकी म्हणून ती सोयीची वाटते, पण लगदा पाण्यात पसरला की कुजताना प्राणवायू खातो आणि छपाईची शाई पाण्यात उतरते. राष्ट्रीय हरित लवादानं 2016मध्ये अशा मूर्तींना उत्तेजन देणाऱ्या शासन निर्णयाला स्थगिती दिली होती.

आरास हा दुसरा मोठा कचरा. 2018च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही आला, तेव्हापासून बाजार पुठ्ठ्याच्या मखरांकडे वळला. पण पुठ्ठ्यावर चमकी आणि प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असेल तर त्याची रद्दी होत नाही. कोरा पुठ्ठा, घडी घालून ठेवता येणारं लाकडी मखर किंवा कपाटातल्या जुन्या नऊवारी हे पर्याय खरे टिकाऊ. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात: लाकडी चौकटीला रानातली फळं, पानं, सुपारीचे घोस, काकड्या, नारळ. आरास उतरली की त्यातली बरीच फळं घरात खाल्ली जातात आणि उरलेलं मातीत जातं.

निर्माल्याचं खतही कुंडीत होतं, फक्त आधी हारातली प्लास्टिकची फुलं, जरी आणि नायलॉनचा दोरा सोडवून घ्यायला हवा. दूर्वा आणि झेंडू चटकन कुजतात. केळीचे खुंट आणि नारळाच्या शेंड्या बारीक तोडून टाकल्या तरच. प्रत्येक थरावर वाळलेली पानं पसरली की वास येत नाही.