७.६८ की ७.७६? गुरुत्वाकर्षणातले जवळजवळचे पर्याय

(ऑडिओ भागाचा थोडा नीटनेटका केलेला उतारा)

आज एकाच प्रश्नाचं पोस्टमॉर्टेम करायचंय. नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या एका श्रोत्यानं तो पाठवलाय, टेस्ट सिरीजमधला आहे. त्याचं म्हणणं असं: सूत्र बरोबर लावलं, आकडेमोड बरोबर केली, आलेलं उत्तर पर्यायांमध्ये तंतोतंत सापडलं, तरी ते चूक निघालं. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, म्हणजे एका गोलाने ५ गुणांचा फरक.

प्रश्न हा असा. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ४०० किमी उंचीवर उपग्रह वर्तुळाकार कक्षेत फिरतोय. g = ९.८ मी/से², R = ६४०० किमी. त्याचा कक्षेतला वेग किती? पर्याय किमी/से मध्ये: ७.४५, ७.६८, ७.७६, ७.९२.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवू. दहावीला मराठीतून शिकलेल्या मुलांना 'मुक्तिवेग' माहीत असतो. अकरावीला स्टेट बोर्डाच्या पुस्तकात 'क्रिटिकल व्हेलॉसिटी' येते आणि नीटच्या पुस्तकांत 'ऑर्बिटल व्हेलॉसिटी'. वर्तुळाकार कक्षेपुरते हे शेवटचे दोन एकच आहेत. सूत्र v = √(GM/r), आणि r म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर.

इथं G आणि M दिलेले नाहीत, g दिलाय. म्हणून GM च्या जागी gR² घालायचं. मग सूत्राचे दोन तुकडे पडतात: v = √(gR) × √(R/(R+h)). पहिला तुकडा म्हणजे अगदी पृष्ठभागालगतचा वेग. ९.८ गुणिले ६४ लाख, त्याचं वर्गमूळ ७९२० मी/से, म्हणजे ७.९२ किमी/से. हा पाठच असू द्या. दुसरा तुकडा म्हणजे उंचीमुळे होणारी घट. ६४०० भागिले ६८०० म्हणजे १६/१७. याचं वर्गमूळ कॅल्क्युलेटरशिवाय कसं काढायचं? १६/१७ म्हणजे १ पेक्षा साधारण ६ टक्के कमी. वर्गमूळ घेतलं की टक्केवारी निम्मी होते, म्हणजे ३ टक्के कमी, ०.९७. आता ७.९२ मधून ३ टक्के काढा: ७.६८. झालं.

खरी गंमत उरलेल्या तीन पर्यायांत आहे. ते आकडे पेपर काढणाऱ्यानं असेच टाकलेले नाहीत, प्रत्येकामागे एक ठरावीक चूक आहे. ७.९२ हा उंची विसरणाऱ्यासाठी. ७.४५ हा वर्गमूळ विसरणाऱ्यासाठी, कारण ७.९२ ला थेट १६/१७ नं गुणलं की तोच येतो. आणि ७.७६? तो g = १० घेणाऱ्यासाठी. १० गुणिले ६४ लाखाचं वर्गमूळ छान ८००० येतं, त्याला ०.९७ नं गुणलं की ७.७६. आपला श्रोता इथंच अडकला. सवयीनं g = १० धरला, सगळं सुटसुटीत आलं आणि उत्तर समोरच दिसलं, मग शंका कशाला येईल?

मग g = १० घ्यायचाच नाही का? तसं नाही. ९.८ ऐवजी १० घेतलं तर g मध्ये २ टक्के चूक होते. v मध्ये g वर्गमुळाखाली आहे, म्हणून वेगात ती निम्मी, १ टक्का. आता पर्यायांकडे बघा. ७.६८ आणि ७.७६ यांच्यातला फरकही १ टक्काच. म्हणजे इथं g = १० चालणारच नाही. याउलट पर्याय ६.९, ७.७, ८.५, ९.३ असे असते तर दोघांमध्ये निदान ९ टक्क्यांचं अंतर आहे, तिथं g = १० बिनधास्त घ्या, वेळ वाचतो. म्हणून पेन टेकवण्याआधी सगळ्यांत जवळच्या दोन पर्यायांतला फरक टक्क्यांत बघायचा. आकडेमोड किती काटेकोर हवी ते तिथंच कळतं.

प्रत्यक्षाशीही ताडून बघता येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४०० किमीवरच फिरतं, सुमारे ७.७ किमी/से वेगानं, आणि एका फेरीला त्याला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. आपलं ७.६८ त्याच्याशी जुळतं.

आता याच उपग्रहावर पुढचा प्रश्न, आणि तो जास्त फसवा आहे. त्याच कक्षेतून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला किती *जादा* वेग लागेल? पर्याय ३.१८, ३.२८, ३.५२, १०.८६.

एकाच अंतरावर मुक्तिवेग हा कक्षेतल्या वेगाच्या √२ पट असतो, कारण सुटायला गतिज ऊर्जा बरोबर दुप्पट लागते. म्हणजे जादा वेग ०.४१४ पट: ७.६८ × ०.४१४ = ३.१८. बाकीचे कसे आले बघा. १०.८६ हा पूर्ण मुक्तिवेग, 'जादा' शब्द नजरेतून सुटला की तो टिकमार्क होतो. ३.२८ म्हणजे ११.२ वजा ७.९२, दोन्ही आकडे पृष्ठभागावरचे. आणि ३.५२ म्हणजे ११.२ वजा ७.६८. हा मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. ११.२ आपल्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की तो फक्त पृष्ठभागाचा मुक्तिवेग आहे हे लक्षातच येत नाही. ४०० किमीवर तो १०.८६ होतो. वजाबाकी करताना दोन्ही वेग एकाच r चे हवेत.

निम्म्या टक्क्यांची युक्ती मात्र सगळीकडे चालवू नका. h हा R च्या मानानं लहान असेल तोवरच ती खरी. h = R असेल तर R/(R+h) ५० टक्के कमी होतो, युक्तीनं ०.७५ मिळेल, खरं उत्तर ०.७०७. इथं सरळ वर्गमूळच घ्यायचं. भूस्थिर उपग्रहाचंही तसंच. दहावीच्या पुस्तकातलं उदाहरण आठवा: उंची ३५,७८० किमी, वेग ३.०८ किमी/से. तिथं R मिळवायचं विसरून उंचीलाच r धरलं तर ३.३४ येतं, आणि तो आकडा पर्यायांत असणारच असं समजून चला.

अजून एक. प्रश्नात g ऐवजी G आणि M दिले असतील (६.६७ × १०⁻¹¹ आणि ६ × १०²⁴), तर पृष्ठभागालगतचा वेग ७.९१ येतो, ७.९२ नाही. दोन्ही रस्ते बरोबरच आहेत, स्थिरांक गोल केल्यामुळे शेवटचा आकडा हलतो. म्हणून जे दिलंय त्याच रस्त्यानं जायचं.

जाता जाता तुमच्यासाठी एक. पृष्ठभागापासून R इतक्या उंचीवर मुक्तिवेग किती? पर्याय ५.६, ७.९२, ११.२, १५.८. ७.९२ दिसला की 'हा तर कक्षेतला वेग' म्हणून खोडू नका. अंतर दुप्पट झालं, म्हणून मुक्तिवेग √२ नं कमी झाला, आणि ११.२ भागिले √२ म्हणजे ७.९२च. ५.६ हा त्या उंचीवरचा कक्षेतला वेग आहे.